बायच्या केसांची टोकं

माझ्या थोरल्या बहिणीचे केस आमच्या कळव्याच्या आळीत सगळ्यांत लांब होते. ती हे कधी बोलून दाखवत नसे, म्हणून तिच्या वतीने मी बोलून दाखवत असे. तिला आम्ही घरात बाय म्हणायचो. अंबाडा सोडला की केस कमरेच्या खाली येत, आणि न्हाऊन ती उन्हात पाठमोरी बसली की मला उगाचच त्यांच्याखाली जाऊन झोपावंसं वाटे. मी तेव्हा बारा वर्षांची होते. बाय सतरा-अठराची, आणि तिचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली.

तिचा नवरा कल्याणच्या ठेसनात रूळ बदलणारा सांधेवाला होता. रेल्वे येऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, पण रेल्वेचा पगार खाणारी माणसं आमच्या आगरी जातीत अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यामुळे बायच्या सासूने लग्नातच सांगून ठेवलं होतं, आमची सून मिठात उतरणार नाही. शेतात गेली तर चालेल, मिठात नाही. माझ्या आईने मान डोलावली. ती स्वतः वयाच्या आठव्या वर्षापासून मिठाच्या आगरात उभी होती, पण मुलीचं चांगलं होतंय म्हटल्यावर आई कशालाही मान डोलावते.

दुसऱ्या वर्षी पौषात चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना वडील घसरले आणि पाय मोडून घरी आले. बाय त्यांची शुश्रूषा करायला म्हणून माहेरी आली. सासरी तसंच सांगून आली होती, आणि आली तेव्हा ते खरंही होतं. पण हंगाम तोंडावर होता. आमच्या वाट्याच्या वाफ्यांतलं मीठ कोणी ओढलं नाही तर मालक ते वाफे दुसऱ्या घराला देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईला एकटीला ते झेपणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बायने लुगडं वर खोचलं आणि लाकडी फावडं घेऊन ती आईच्या मागोमाग गेली. कोणी तिला जा म्हटलं नाही, आणि नको जाऊ असंही म्हटलं नाही.

त्या पाच महिन्यांची आठवण आली की मला आधी पांढरा रंग आठवतो. सकाळी वाफ्यांत आभाळ पडलेलं असे, दुपारी त्या आभाळाला साय धरे आणि संध्याकाळी ती साय बाय आणि आई ओढून बांधावर ढीग घालत. मी वडिलांना पेज देऊन आईची नि बायची भाकरी घेऊन जायची आणि परत यायचं विसरायची. त्या उजेडात डोळे मिटले तरी पांढरंच दिसे. बाय दूर कुठेतरी लहानशी दिसायची, तिच्या पायांखाली तिच्याएवढीच दुसरी बाय उलटी चालत असायची, आणि त्या दोघींपैकी कल्याणला कोण जाणार हे मला कळेनासं होई.

खारं वारं आणि ऊन यांनी तिचे केस वैशाखापर्यंत टोकांना पार पिंगट झाले. मानेपाशी काळे, पाठीवर तपकिरी, आणि शेवटची वीतभर तर वाळक्या काथ्यासारखी. आमच्या सगळ्या बायकांचे तसेच होत, त्यामुळे कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते कल्याणहून निरोप आला तेव्हा. येत्या सोमवारी सासू स्वतः सुनेला न्यायला येणार होती.

आमच्या लोकांत तेव्हा रीत होती. सून न्यायला आलेली सासू तिला समोर बसवी, तिचे केस सोडून स्वतःच्या हाताने विंचरी, अंबाडा घाली, वर फुलांची वेणी माळी आणि मग कुंकू लावून उठवी. अंबाडा मोडला की टोकं सासूच्या मांडीवर पडणार होती. ती बाई स्वतः आगराच्या काठची, तिला पिंगट टोकांचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"न्यायची नाय ती हिला," आई म्हणाली. "खोटं बोलून मिठात उतरली म्हनंल. हिथंच टाकंल."

कापून टाकावेत तर सवाष्णीच्या केसांना कात्री लावायची नाही. हात-पाय फुटलेले होते, पण त्यांवर मेंदी काढली तर खपून गेलं असतं. राहिले केस. तेव्हा मी म्हटलं, मी रंगवते. का म्हटलं कोण जाणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरात सगळे गप्प बसले की मला काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नसे. हा स्वभाव अजून गेलेला नाही.

सोमवारला पाच दिवस होते. मी होडीने ठाण्याला गेले आणि बाजारातून कपड्यांची नीळ घेऊन आले. बायचं फणीत निघालेलं गुंतवळ आई भिंतीतल्या कोनाड्यात खोचून ठेवी. त्यातले लांब पिंगट केस निवडून मी त्यांची शेंडी बांधली आणि निळीच्या पाण्यात घातली. शेंडी निळी झाली. मी खूश झाले. मग ती धुतली आणि सगळी नीळ पाण्याबरोबर निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीच शेंडी घेऊन ठाण्याच्या गंध्याकडे गेले. गंधी म्हणजे अत्तरं आणि जडीबुटी विकणारा, पांढऱ्या भुवयांचा पण कुळकुळीत काळ्या दाढीचा म्हातारा. त्याच्या दाढीकडे बघूनच मी त्याच्या दुकानात शिरले होते.

"ती कपड्याची नीळ," तो हसून म्हणाला. "ती केसांत शिरत नाही, वरच बसते. केसाला निळीचा पाला लागतो, सावलीत वाळवलेला. आम्ही वसमा म्हणतो. आणि आधी मेंदी. मेंदीवर वसमा बसला की काळा. नुसताच लावशील तर हिरवा-निळा होईल आणि आईचा मार खाशील."

त्याने एका पुडीत हिरवट पूड बांधून दिली. ही कोमट पाण्यात कालव, म्हणाला, वर निळसर साय आली की लगेच वापर, फार ठेवलीस तर तिचा जीव जातो. आणि धुतल्याबरोबर रंग हिरवट दिसेल, त्याला घाबरू नको, हवा लागू दे. एवढं सगळं सांगून त्याने माझ्याकडे पुडीचे पैसे मात्र नेमके मागितले.

मेंदी आमच्या कुंपणालाच होती. रात्री वाटून लोखंडी कढईत भिजत घातली, आणि शुक्रवारी गुंतवळाची दुसरी शेंडी करून घेतली. किती उंचीपर्यंत रंगवायचं याची मी माझ्या मते फार हुशारीने सोय केली. जिथून केस पिंगट होत होते तिथे दोरा करकचून आवळला, आपण आगरात पाणी अडवायला बांध घालतो तसा, आणि दोऱ्यापर्यंत शेंडी बुडवून ठेवली. आधी मेंदीत, मग वसम्यात. धुऊन वाळवली तर रंग अगदी पक्का बसला होता, आणि दोऱ्याच्या जागी अशी रेघ उमटली होती की आंधळ्यालाही दिसावी. रेघेखाली काळंभोर, रेघेवर तांबूस. डांबरात बुडवून काढलेल्या केरसुणीसारखी ती शेंडी मी आईपुढे धरली आणि रडायला लागले.

वडील पडवीत बाजल्यावर होते. पायाला कामट्या बांधलेल्या. त्यांनी हात पुढे करून शेंडी मागून घेतली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"बांध कनाला घातला तू?" ते म्हणाले.

"पानी वर चढू नये म्हनून."

"पानी एका जागी उभं राह्यलं का रेघ सोरतं. वाफ्याच्या कडंला बघितलं नाय कदी? जिथं पानी थांबलं तिथं पांढरी रेघ. आनी जिथं हलूहलू उतरत गेलं तिथं?"

मी डोळे पुसले. वाफ्याच्या कडा मी रोज बघत होते. जिथे पाणी उतरत जाई तिथे ओलं कुठे संपलं आणि कोरडं कुठे सुरू झालं हे सांगता येत नसे.

"तिथं रेघ नाय," मी म्हटलं.

"मंग पानी उतरतं ठेव."

माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. पुढे आळीतल्या मास्तरीणबाईंनी मला शिकवलं, मी स्वतः मुलींना शिकवायला लागले, पण एवढ्या कमी शब्दांत एवढं नेमकं शिकवणारं माणूस मला परत भेटलं नाही. हे त्यांना सांगायचं राहून गेलं याचं मला वाईट वाटतं.

शनिवारी सकाळी बायने रिठ्याने केस धुतले, खार आणि तेल सगळं काढून टाकलं. ते खडखडीत वाळल्यावर मी वरच्या भागाला, मानेपासून पाठीपर्यंत, खोबरेल चोपडलं, म्हणजे चुकून शिंतोडा उडाला तरी तिथे रंग धरायचा नाही. तेलाचा हातही मी खाली खाली हलका करत नेला. बाय ओट्यावर उताणी झोपली, मान ओट्याच्या काठावर, केस खाली लोंबते. खाली मी सात कौलं एकावर एक रचली आणि त्यांवर मेंदीचं गाडगं ठेवलं. मेंदी पातळ पेजेसारखी सैल केली होती. सातही कौलं असताना केस गाडग्यात पार वर, जिथे जेमतेम तपकिरी झाक सुरू होत होती तिथपर्यंत बुडत. मग दर थोड्या वेळाने मी एक कौल काढायची. गाडगं बोटभर खाली जायचं. वरच्या केसांना मेंदी नुसती शिवून जाई, मधल्यांना जरा जास्त वेळ मिळे, आणि टोकं शेवटपर्यंत आत राहत.

तेवढंच करून भागत नव्हतं. गाडगं ठेवून दिलं की तेवढ्यातही मेंदीच्या काठाशी केसांवर रेघ धरू बघे. म्हणून एका हाताने केस सारखे किंचित वर-खाली हलवत राहायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं मेंदीत बुडवून काठाशी वरून खाली ओढत राहायची, फणी फिरवल्यासारखी. आडवं बोट एकदासुद्धा फिरू द्यायचं नाही.

दुपार झाली. आई मिठावर होती, वडिलांचा डोळा लागला होता. ओट्यावर आंब्याची सावली सरकत होती आणि मी सावलीवरून वेळ मोजत होते, खरं म्हणजे मोजत नव्हते, नुसती बघत होते. बायचे डोळे मिटलेले. मेंदीचा ओला वास, तापलेल्या खाडीचा वास. माझे हात आपोआप वर-खाली होत होते आणि मला वाटत होतं की मी हिला पाळण्यात झोके देते आहे, किंवा तीच मला देते आहे. लांबवर मिठाचे ढीग उन्हात हलल्यासारखे दिसत. मध्येच बाय झोपेतल्यासारखं बोलली.

"मला आवरतं गं तिथं."

"कुठं? कल्यानला?"

"मिठात," ती म्हणाली. "सकाली पाय टाकला का थंड. कोन नसतं. आपुन नि पानी."

मला तिचा रागच आला. मी हिचं मीठ पुसून काढण्यासाठी हाताची सालं काढते आहे, आणि हिला मीठ आवडतं. मी एक कौल काढलं. थोड्या वेळाने ती परत झोपली, आणि झोपेत तिचा चेहरा इतका लहान मुलीचा दिसायला लागला की माझा राग गेला आणि मला तिच्या जाण्याचं दुःख झालं. ती गेल्यावर मला घरात कोणाचे केस दिसणार होते?

केस धुतले तेव्हा टोकं तांब्याच्या भांड्यासारखी लालभडक आणि वर वर जात तो लाल विरघळलेला. बायने ते हातात घेऊन बघितले आणि पहिल्यांदाच हसली. रविवारी वसमा. तो कोमट पाण्यात कालवला, वर निळसर साय आली तशी घाई केली. तो भराभर म्हातारा होतो, म्हणून पूड तीन वाट्यांत करून तीनदा ताजी कालवली. पुन्हा तीच कौलं, तेच वर-खाली, तीच वरून खाली ओढलेली बोटं. धुतल्यावर टोकं शेवाळासारखी हिरवट दिसली. आई कपाळाला हात लावून बसली. गंध्याने सांगितलं होतं, मी ओरडून म्हटलं.

सोमवारी सकाळी बाय दारात येऊन उभी राहिली. केस काळे होते. मी ते उन्हात नेले, सावलीत नेले, एकेक बट वेगळी करून रेघ शोधली. सापडली नाही. मीच रंगवलेले केस मला कुठून रंगवले ते सांगता येईना. इतका अभिमान मला पुढे आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

सासू दुपारच्या होडीने आली. धिप्पाड, कमी बोलणारी बाई, हातात केळीच्या पानात बांधलेली अबोलीची वेणी. वडिलांच्या पायाची चौकशी केली, पाणी प्यायली, मग बायला पुढ्यात बसवून तिचा अंबाडा सोडला. केस मांडीवर पडले. फणी वरून खाली गेली, टोकापर्यंत गेली आणि परत वर आली. आई चुलीपाशी उभी होती. मी दाराच्या चौकटीला धरून होते.

"बघा विहीनबाय," सासू आईला म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरचं समाधान होतं. "दिली होती तश्शी मिलाली. नायतर आगरातल्या बायांचे केस बघा. काथ्या नुसता. पाह्यलं का कसनुसं होतं."

आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कपाळापर्यंत ओढला. तिचे केस मुळापासून काथ्या होते.

बायने ते बघितलं. मीही बघितलं, पण मला तेव्हा नुसतं एवढंच वाटलं की सुटलो. बायने सासूच्या हातातून स्वतःचे केस हळूच काढून घेतले आणि तिच्याकडे तोंड केलं.

"आत्या, मी मिठात व्हते," ती म्हणाली. "पाच म्हयने. बाबांचे वाफे मी वढले. केस काथ्या झालेले, ते हिनं रंगवलेत. माझ्या आयसारखे झालेले."

मला बायच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन दिवस मी ती रेघ पुसली होती, जगात कोणाला सापडली नसती अशी, आणि हिने एका वाक्यात तिथे बोट ठेवलं होतं.

सासू उठली. केसांचा शेपटा हातात धरून ती बायला तशीच दारात उजेडाला घेऊन गेली. तिने केस वर केले, खाली केले, दोन बोटांत धरून टोकापासून वरपर्यंत चाचपत गेली. मग माझ्याकडे वळली.

"कुठनं रंगवलंस?"

मी जवळ गेले. खरं सांगायचंच ठरवलं होतं. केस हातात घेतले, बघितलं, पुन्हा बघितलं.

"माहीत नाय," मी म्हटलं. "मलापन सापरत नाय."

सासूने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. नंतर वडिलांच्या कामट्या बांधलेल्या पायाकडे. नंतर चुलीपाशी, पदर ओढून उभ्या असलेल्या माझ्या आईकडे, सगळ्यांत जास्त वेळ.

"जिनं केलं तिला सापरत नाय," ती म्हणाली, "मंग मला कुठनं दिसंल."

"दिसलं नाय तरी हाय, आत्या," बाय म्हणाली.

"हाय तर हाय. बस खाली. गारी चुकंल."

तिने अंबाडा घातला, घट्ट, जरा जास्तच घट्ट. वेणी माळली. मग कुंकवाचा करंडा घेऊन ती आईकडे गेली, डाव्या हाताने आईचा पदर मागे सारला आणि आधी तिला कुंकू लावलं. आई रडायला लागली. सासूने तिला गप्प राहा असंसुद्धा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी वडिलांचा पाय जुळला, पण वाकडा जुळला. हंगामाच्या तोंडावर बाय सकाळच्या गाडीने आली, सोबत तिचा नवरा होता, तो तिला होडीपर्यंत पोचवून परत गेला. तिने लुगडं वर खोचलं आणि आईच्या मागोमाग ती आगरात गेली. ज्येष्ठात सासू तिला न्यायला आली तेव्हा बायचे केस टोकांना पिंगट होते, आणि मला मेंदी वाटायला कोणी सांगितलं नव्हतं.